जामीनपत्राची मराठी



गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी आमच्या पेठेतील एक परिचित कापड व्यापारी घरी आले. त्यांच्या हातात एक पारदर्शक फाईल होती आणि फाईलमध्ये एका बँकेचे जामीनपत्र. त्यांच्या पुतण्याने नव्या दुकानासाठी 30 लाख रुपयांच्या कॅश क्रेडिटची मागणी केली होती. त्याला दोन जामीनदार हवे होते. एक पुतण्याचे सासरे आणि दुसरे हे स्वतः. मूळ पत्र इंग्रजीत होते आणि सोयीसाठी त्याबरोबर मराठी अनुवाद जोडला होता.

"साहेब, मराठी मी दोनदा वाचले," ते म्हणाले. "माझी समजूत अशी झाली की, बँक आधी पुतण्याच्या मागे लागेल, त्याच्याकडून वसूल झाले नाही तर आमच्याकडे येईल. आणि आम्ही दोघे जामीनदार, म्हणजे पंधरा-पंधरा लाख. बरोबर आहे ना?"

मी इंग्रजी प्रत उघडली. दोन्ही समजुती चुकीच्या होत्या. मात्र त्यात शेठजींचा दोष नव्हता. त्यांनी मराठी नीट वाचली होती. मराठीच नीट लिहिलेली नव्हती. मी त्यांना म्हटले, "आज सही करू नका. मला दोन दिवस द्या, हे मराठी मी सरळ करून देतो." ते काम करताना जे ध्यानात आले, ते या महिन्याच्या लेखात मांडतो. आपल्या घरोघरी असे कागद येतात, म्हणून ते उपयोगी पडावे.

मुख्य कलमाचा जोडलेला अनुवाद असा होता :

"जामीनदार याद्वारे अपरिवर्तनीयपणे आणि बिनशर्तपणे बँकेला हमी देतो कर्जदाराद्वारे त्या सर्व रकमांच्या देय व वक्तशीर प्रदानाची ज्या वेळोवेळी देय होऊ शकतील, आणि मान्य करतो की कर्जदाराद्वारे कसूर केले जाण्याच्या घटनेत, जामीनदार, बँकेद्वारे मागणी केली जाण्यावर, तात्काळ बँकेला प्रदान करील, बँकेला प्रथम कर्जदाराविरुद्ध पुढे जाणे आवश्यक असल्याशिवाय."

यातील प्रत्येक शब्द मराठी आहे, तरी वाक्य मराठी नाही. इंग्रजी वाक्याचे शब्द एकेक करून उचलले आणि होते त्याच क्रमाने मांडले, एवढेच येथे झाले आहे.

पहिली गोष्ट मी ही केली की, हा मराठी मजकूर बाजूला ठेवला. अवघड मराठी हाती आली म्हणजे तिच्यातले जड शब्द काढून सोपे घालावेत, असा मोह होतो. तो आवरावा. मी जर मूळ इंग्रजी न पाहता हेच वाक्य गुळगुळीत केले असते, तर शेवटचे "असल्याशिवाय" माझ्याही हातून "आधी कर्जदाराविरुद्ध कारवाई केल्याशिवाय बँक जामीनदाराकडे येणार नाही" असे झाले असते. वाक्य सुंदर वाटले असते आणि अर्थ पूर्ण उलटा झाला असता. खडबडीत चुकीकडे वाचक निदान संशयाने पाहतो. गुळगुळीत चुकीवर तो विश्वास ठेवतो. म्हणून अनुवाद सुधारायचा तर मूळ मजकूर शेजारी हवाच. तो नसेल, तर त्या कामाला हात लावू नये.

मूळ इंग्रजीचा आशय मी आधी हिशेबाच्या कागदावर कलमवार उतरवून काढला. त्या एका वाक्यात सात गोष्टी निघाल्या. जामीनदार हमी देतो. हमीला कोणतीही अट नाही. हमी मागे घेता येणार नाही. ती वेळोवेळी येणे होणाऱ्या सर्व रकमांसाठी आहे. कर्जदाराने कसूर केली आणि बँकेने मागणी केली की पैसे भरायचे. ते लगेच भरायचे. आणि बँकेने आधी कर्जदारावर कारवाई करणे आवश्यक नाही. सातही नोंदींना मी क्रमांक दिले. ते शेवटी मिळवणीच्या वेळी उपयोगी पडतात.

त्यानंतर वाक्याची उभारणी. इंग्रजीत क्रिया आधी येते आणि तिचे तपशील, अटी, अपवाद मागून एकामागे एक जोडत जाता येतात. मराठीत क्रियापद शेवटी येते, म्हणून अटी व तपशील त्याच्या आधी यावे लागतात. अनुवादकाने "हमी देतो" हे क्रियापद आधी ठेवले आणि कशाची हमी ते नंतर लटकवले. त्यामुळे वाचणाऱ्याला वाक्य संपले असे वाटते आणि पुढचे शब्द कोठे जोडावेत ते कळत नाही. "त्या सर्व रकमांच्या... ज्या देय होऊ शकतील" हीही तशीच उलटी रचना आहे. आपण बोलताना "जो" आधी म्हणतो आणि "तो" नंतर. "ज्या रकमा देय होतील, त्या सर्व रकमा" असे केले की गाठ आपोआप सुटते. "होऊ शकतील" मधली शंकाही मूळात नाही. पुढे जी काही रक्कम निघेल ती, एवढाच तेथे अर्थ आहे. म्हणून "होतील" पुरेसे.

दुसरा अडथळा "द्वारे"चा आणि "केले जाण्या"चा. "कर्जदाराद्वारे कसूर केले जाण्याच्या घटनेत" या पाच शब्दांत सांगायचे एवढेच आहे की, "कर्जदाराने कसूर केल्यास". "बँकेद्वारे मागणी केली जाण्यावर" म्हणजे "बँकेने मागणी करताच". इंग्रजी कायद्याची भाषा कृतीला नाम बनवते आणि मग त्या नामाला क्रियापद जोडते. मराठीला क्रिया करणारा माणूस "ने" लावून समोर उभा केलेला आवडतो, आणि "-ल्यास", "-ताच", "-ल्यावर" या लहानशा प्रत्ययांत अट आणि काळ दोन्ही मावतात. शब्द कमी होतात हा त्यातला लहान फायदा. कोण करणार हे स्पष्ट होते, हा मोठा.

येथे माझीही एक चूक झाली. पहिल्या खर्ड्यात मी "कर्जदाराने कसूर करून बँकेने मागणी केल्यास" असे लिहिले होते. ऐकायला ओघवते वाटते. परंतु "-ऊन" या रूपात दोन्ही क्रियांचा कर्ता सामान्यतः एकच असावा लागतो. "त्याने दुकान उघडून दिवा लावला" यात उघडणारा आणि लावणारा एकच. माझ्या वाक्यात कसूर करणारा एक आणि मागणी करणारा दुसरा. पहिल्यांदा वाचणाऱ्याला क्षणभर कसूर बँकेनेच केली असे वाटले असते. वाक्ये जोडण्याच्या हौसेत अशी "-ऊन"ची चूक फार वेळा होते. प्रत्येक "-ऊन"पाशी थांबून दोन्ही कामे करणारा एकच आहे का, एवढे विचारावे.

तिसरी गोष्ट शब्दांची. अनुवादकाने "अपरिवर्तनीय" असा शब्द योजला होता. त्याचा अर्थ बदलता न येणारे. शेठजींनीही तोच घेतला होता : "म्हणजे कर्जाच्या अटी नंतर बदलणार नाहीत ना?" मूळ शब्दाचा अर्थ वेगळा आहे. दिलेली हमी जामीनदाराला मागे घेता येणार नाही, असे तो शब्द सांगतो. हा फरक लहान नाही. कॅश क्रेडिटमध्ये रोज पैसे काढले जातात, रोज भरले जातात. त्यासाठी दिलेली हमी चालू राहणारी असते. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 130 प्रमाणे अशी चालू हमी पुढील व्यवहारांपुरती सूचना देऊन मागे घेता येते. बँकेचे पत्र तोच मार्ग बंद करू पाहते. म्हणजे जो शब्द शेठजींना आधार वाटला, तो प्रत्यक्षात त्यांच्यावरचे बंधन होता. मी तेथे "मागे घेता येणार नाही" असे साधे शब्द ठेवले.

"देय व वक्तशीर प्रदान" येथे आणखी एक गंमत आहे. इंग्रजीत एकच शब्द दोनदा आला आहे, पण दोन अर्थांनी : एकदा "रीतसर" या अर्थी आणि एकदा "देणे झालेले" या अर्थी. अनुवादकाने दोन्हीकडे "देय" लिहिले. शब्दकोशात पाहून अनुवाद केला की असे होते. कोश शब्दाचा अर्थ देतो, पण तो त्या वाक्यात कोणत्या अर्थी आला आहे ते सांगत नाही. "प्रदान" हा शब्द चुकीचा नाही, परंतु पेढीवर कोणी रक्कम "प्रदान" करीत नाही, रक्कम भरतो.

मात्र सगळेच जड शब्द काढू नयेत. "कसूर", "देय", "जामीनदार" हे शब्द मी राहू दिले. त्यांना कायद्यात ठरलेला अर्थ आहे आणि ते शब्द सर्व कलमांत सारखेच यावे लागतात. एके ठिकाणी "जामीनदार", दुसरीकडे "हमीदार" आणि तिसरीकडे "हमी देणारा" असे लिहिले, तर निबंध नटतो, पण करारात तीन निरनिराळी माणसे आहेत की काय असा प्रश्न उभा राहतो. ललित लेखनात पुनरुक्ती टाळतात. करारात ती मुद्दाम सांभाळावी लागते.

तसेच "भरील" या रूपाचे. मूळात जामीनदार वचन देतो. त्याचे "भरावी" केले तर ती सूचना होते. "भरावी लागेल" केले तर सक्ती दिसते, पण ती कोणी आणि कशामुळे केली ते दिसत नाही. "जामीनदार भरील" यात त्याचे स्वतःचे वचन उतरते. म्हणून ते तसेच ठेवले.

इतके झाल्यावर कलम असे तयार झाले :

"कर्जदाराकडून बँकेला वेळोवेळी ज्या रकमा देय होतील, त्या सर्व रकमा तो रीतसर व ठरलेल्या वेळी भरील, अशी हमी जामीनदार बँकेला देत आहे. ही हमी बिनशर्त असून जामीनदाराला ती मागे घेता येणार नाही. कर्जदाराने कसूर केल्यास, बँकेने मागणी करताच जामीनदार देय रक्कम बँकेत भरील. त्यासाठी आधी कर्जदाराविरुद्ध कारवाई करण्याचे बंधन बँकेवर राहणार नाही."

एका वाक्याची चार वाक्ये झाली. आता मिळवणी. दिवसाअखेरीस रोकड जुळल्याशिवाय आम्ही तिजोरी बंद करीत नसू. अनुवादाचेही तसेच आहे. कागदावरच्या सात नोंदी मी एकेक करून नव्या मजकुरात शोधल्या आणि समोर खूण केली. सहाच खुणा झाल्या. "तात्काळ" गळाले होते. "मागणी करताच" मध्ये ते आले असे मनाने धरले होते. परंतु "मागणी करताच" हे जबाबदारी केव्हा सुरू होते ते सांगते, आणि "तात्काळ" ती केव्हा पुरी करायची ते. म्हणून तिसऱ्या वाक्यात "देय रक्कम विनाविलंब बँकेत भरील" अशी दुरुस्ती केली. शिवाय उलट मिळवणीही पाहिली : मूळात नाही असे काही मी आपल्या पदरचे घातले आहे काय? तसे काही नव्हते. ओघासाठी वाक्य तोडताना सहसा लहान शब्दच गळतात, आणि करारात पुष्कळदा त्या लहान शब्दांतच पैसे असतात.

आता दोन जामीनदारांचे कलम. अनुवादात होते : "जामीनदारांचे दायित्व संयुक्त आणि अनेक राहील." 'जॉइंट अँड सेव्हरल' या शब्दांचा हा कोशातला अर्थ. त्यातील दुसरा शब्द रोजच्या इंग्रजीत "कित्येक" या अर्थी येतो, म्हणून "अनेक". कायद्यात त्याचा अर्थ "प्रत्येकाची वेगवेगळी" असा आहे, आणि कायद्याच्या मराठीत त्यासाठी "संयुक्तपणे व पृथकपणे" असे म्हणतात. शेठजींनी "संयुक्त" वाचले आणि व्यापाऱ्याच्या सवयीप्रमाणे भागीदारीतला अर्धा हिस्सा धरला.

येथे "संयुक्तपणे व पृथकपणे" ही संज्ञा ठेवणे भाग होते, आणि ती ठेवून सामान्य वाचकाला काही कळणार नव्हते हेही खरे. मूळ कलमात स्पष्टीकरण नसताना कलमाच्या पोटात ते घालणे योग्य नव्हे. अनुवादकाला करारात भर घालण्याचा अधिकार नसतो. म्हणून कलमात संज्ञा ठेवली आणि त्याखाली निराळी टीप दिली : "म्हणजे संपूर्ण येणे रक्कम बँक दोन्ही जामीनदारांकडून मिळून किंवा त्यांपैकी कोणाही एकाकडून वसूल करू शकेल." टीप कोणती आणि करार कोणता, हे डोळ्यांना वेगळे दिसेल असे लिहिले.

कायदा काय म्हणतो तेही शेठजींना सांगणे आवश्यक होते. करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. बँकेने आधी कर्जदाराविरुद्धचे सर्व उपाय संपवावेत आणि मग जामीनदाराकडे यावे, असा आग्रह धरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात स्पष्ट केले आहे. अर्ध्या हिश्शाची त्यांची कल्पना मात्र सर्वस्वी खोटी नव्हती. एकाच कर्जाचे दोन जामीनदार असतील आणि त्यांच्यात वेगळे ठरले नसेल, तर त्यांनी आपसांत समान भार उचलावा, असे कलम 146 सांगते. म्हणजे एकाने सारे भरले, तर तो दुसऱ्याकडून निम्मे मागू शकतो. परंतु तो हिशेब त्या दोघांमधला. बँकेसमोर प्रत्येकजण पूर्ण रकमेला बांधलेला.

शेवटची परीक्षा ऐकणाऱ्याची. इंग्रजी प्रत न पाहिलेल्या माणसाला नवा मजकूर मोठ्याने वाचून दाखवावा आणि तीनच प्रश्न विचारावेत : पैसे कोण भरणार, केव्हा भरणार आणि किती भरणार? मी सौभाग्यवतींना वाचून दाखवले. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे लगेच आली. तिसऱ्यावर ती म्हणाली, "तीस लाखच ना?" मी पुन्हा इंग्रजी पाहिले. कलमात "सर्व रकमा" होत्या. आकडा कोठेच नव्हता. म्हणजे मुद्दलावर व्याज आणि खर्च चढला, तर तोही त्यात येणार. हा अनुवादाचा दोष नव्हता. मूळ करारच तसा होता, आणि मराठी सरळ झाल्यामुळे तो आता दिसू लागला होता.

सरळ मराठीचीही एक मर्यादा आहे. अशा पत्रांत पुष्कळदा एक ओळ असते की, दोन्ही भाषांत फरक आढळल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य धरला जाईल. शेठजींच्या पत्रातही ती होती. तेव्हा माझे मराठी समजून घेण्यापुरते होते. सही इंग्रजीवरच व्हायची होती, आणि त्या सहीपूर्वी वकिलाला विचारा असेही मी सांगितले.

मंगळवारी शेठजी आले. त्यांनी चारही वाक्ये सावकाश वाचली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पुतण्याला नाही म्हणता येणार नाही. पण हे मुलाला न सांगता सही करणार होतो, ते आता करणार नाही." त्यांनी घरी सर्वांसमोर कलम वाचून दाखवले. नंतर शाखेत जाऊन हमीची रक्कम व्याज व खर्चासह ठरावीक आकड्यापुरती मर्यादित करावी, असा लेखी अर्ज दिला. पुतण्याने बँकेला दर महिन्याला द्यायच्या साठा-पत्रकाची एक प्रत आपल्यालाही द्यावी, हेही ठरवून घेतले. बँकेने अर्ज वरच्या कार्यालयाकडे पाठवला आहे. हा लेख लिहीपर्यंत उत्तर आलेले नाही, आणि सही अजून झालेली नाही.